पाटीवर ‘の’ दिसला म्हणून जपान होत नाही

“फोटो चीनचा, जपानचा की कोरियाचा? पाटी बघून दोन सेकंदांत ओळखा! १) अक्षरांत गोल दिसला की कोरिया. २) मध्येच ‘の’सारखं वळणदार अक्षर आलं की जपान. ३) बाकी सगळं चिनी. ४) त्यातली अक्षरं सोपी असली तर चीन, किचकट असली तर तैवान. भाषा यायची अजिबात गरज नाही. पुढे पाठवा, खोटे व्हिडिओ लगेच पकडले जातील.”

पुराचा किंवा भूकंपाचा व्हिडिओ भलत्याच देशाच्या नावावर फिरू लागला की त्यातल्या दुकानांच्या पाट्या बघणं हा शहाणपणाचा मार्ग आहे, याबद्दल वाद नाही. पण फोनवर फिरणाऱ्या वरच्या संदेशातल्या या चार नियमांनी बघायला गेलात तर एक चूक दुरुस्त करताना दुसरी कराल. चारही नियमांत थोडंथोडं खरं आहे, म्हणूनच ते पटतात. एकेक घेतो.

पहिला नियम

तिन्हींत कोरियाची हंगुल ओळखायला सर्वांत सोपी, एवढं मान्य. राजा सेजोंगच्या काळात ही लिपी मुद्दाम घडवली गेली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. व्यंजनांची आणि स्वरांची साधी चिन्हं एका न दिसणाऱ्या चौकटीत रचून तिचं एकेक अक्षर तयार होतं. या चिन्हांपैकी ㅇ हे एकच निखळ वर्तुळ आहे आणि ㅎ या आणखी एका चिन्हाच्या पोटात तसंच वर्तुळ असतं. बाकी सगळा कारभार सरळ रेघांचा आणि कोनांचा.

त्यामुळे वर्तुळ नसलेले कोरियन शब्द हवे तेवढे सापडतात, आणि नेमके रस्त्यावरच्या फोटोत दिसणारे. बस म्हणजे 버스, टॅक्सी म्हणजे 택시, कॅफे म्हणजे 카페, कॉफी म्हणजे 커피. ‘गाडी उभी करू नये’ याची 주차금지 ही पाटी घ्या, चार अक्षरांत एकही गोल नाही. उलट जपानी काताकाना लिपीत प-वर्गाच्या अक्षरांना उजव्या खांद्यावर बारीक टिंबवजा वर्तुळ असतं: パ, ピ, プ. जपानमधल्या सुपरमार्केटच्या スーパー या पाटीवर ते आहे आणि पाचिंको खेळघरांच्या パチンコ या दिव्यांच्या पाटीवरही आहे. गोल शोधत बसलेला माणूस टोकियोतलं पाचिंकोघर सोलमध्ये नेऊन ठेवील.

गोलापेक्षा रचना बघावी. हंगुलच्या प्रत्येक अक्षरात दोन ते चार सुटे भाग दिसतात, त्यांच्यामध्ये मोकळी जागा असते, आणि एखाद्या लांब काडीला बाजूने छोटी काडी चिकटलेली असते (ㅏ, ㅓ, ㅗ, ㅜ). फोटो थोडा धूसर असला तरी ही हवेशीर रचना लपत नाही. शिवाय कोरियन मजकूर जरा लांब असला तर शब्दांमध्ये जागा सोडलेली असते. चिनी आणि जपानी मजकूर सलग चालतो.

पण लिपी ओळखली म्हणजे देश ओळखला असं नाही, आणि माझ्या मते या संदेशातली मूळ गफलत हीच आहे. चीनच्या जीलिन प्रांतात यानब्यान हा कोरियन स्वायत्त विभाग आहे. तिथल्या यानजी शहरात दुकान, बँक, सरकारी कचेरी अशा सगळ्या पाट्यांवर हंगुल आणि चिनी दोन्ही असतात. पूर्वी हंगुलला मानाची जागा असे, २०२२च्या नियमांनंतर चिनी अक्षरं आधी येतात. टोकियोच्या शिन-ओकुबो भागात कोरियन दुकानांची अख्खी रांग आहे. जपानमधल्या बऱ्याच रेल्वे स्थानकांच्या फलकांवर जपानी, इंग्रजी, चिनी आणि कोरियन अशा चार भाषा असतात. तेव्हा हंगुल कुठे आहे आणि केवढ्या आकारात आहे हे बघायचं. फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत असेल तर ती पाहुण्यांसाठी आहे. साध्या किराणा दुकानाच्या, चपला दुरुस्त करणाऱ्याच्या, शिकवणीवर्गाच्या पाटीवर एकटी हंगुल असेल तर कोरिया. दक्षिण की उत्तर, हे मात्र अक्षरावरून ठरत नाही, कारण दोन्हीकडे लिपी तीच. तिथे मदत होते ती अवतीभवतीच्या इंग्रजीची आणि कंपन्यांच्या नावांची. दक्षिणेत त्यांची गर्दी असते, उत्तरेत ती जवळजवळ नसते.

दुसरा नियम

या नियमाने सर्वाधिक माणसं फसतात, म्हणून इथे जरा थांबतो.

の हे जपानी हिरागाना लिपीतलं अक्षर आहे, यात शंका नाही. उच्चार ‘नो’, आणि काम आपल्या चा-ची-चे या प्रत्ययांचं. पण तैवान, हाँगकाँग आणि मुख्य भूमीवरच्या चीनमध्येही दुकानदार ते सर्रास वापरतात. चिनीतल्या 的 किंवा 之 या अक्षरांच्या जागी の टाकलं की नाव जपानी थाटाचं दिसतं आणि माल चोख असल्याचा भास होतो, एवढाच त्यामागचा हिशेब. ग्राहक ते वाचताना चिनी उच्चारच करतात.

याचं सगळ्यांत ठळक उदाहरण शेन्झेनमध्ये सुरू झालेल्या एका चहाच्या साखळीचं आहे. चीनभर तिच्या पाट्यांवर अनेक वर्षं 奈雪の茶 असं लिहिलेलं असे. २०२२ मध्ये कंपनीने の काढून 奈雪的茶 असं नाव केलं आणि जपानी वळणाचं रोमन नावही बदललं. त्याआधी २०२०मध्ये एका चिनी पेय कंपनीने आपल्या 元気森林 या नावातलं 気 हे जपानी रूप बदलून 元气森林 असं चिनी रूप घेतलं. म्हणजे २०२२ पूर्वीचा चीनमधल्या मॉलचा फोटो असेल, तर त्यात の ठळकपणे झळकत असण्याची शक्यता चांगलीच आहे. तैवानच्या रात्रबाजारात तर आजही ते पावलोपावली भेटतं.

मग काना, म्हणजे हिरागाना आणि काताकाना अक्षरं, बघून जपान ठरवायचाच नाही का? ठरवायचा, पण एकट्या の वर नाही. जपानी वाक्य एका の वर चालूच शकत नाही. त्याला を, に, は, です, ます, する अशी बरीच छोटी अक्षरं लागतात. म्हणून मी の झाकून बघतो. ते झाकल्यावर पाटीवर आणखी दोन-तीन वेगवेगळी काना अक्षरं उरतात का? उरली, आणि तीही एकाहून जास्त दुकानांवर, तर जपान. काना म्हणून नुसता の असला आणि आजूबाजूला सगळी हान, म्हणजे मूळ चिनी, अक्षरं असतील, तर उलट जपान नसण्याचीच शक्यता जास्त. काताकानातली ー ही लांब आडवी रेघही (उभ्या पाटीवर ती उभी होते) चांगली खूण आहे. ラーメン, コーヒー, スーパー या तिन्ही रोजच्या शब्दांत ती आहे. पण रामेनचं दुकान आता जगात कुठेही असतं, आणि ते आपल्या पाटीवर हौसेने काना मिरवतं. खाण्याच्या दुकानापेक्षा दंतवैद्याची, वाहनतळाची, घरं भाड्याने देणाऱ्या दलालाची पाटी जास्त विश्वासार्ह.

साखळी दुकानांनी तर अजिबात फसू नये. 無印良品 ही जपानी साखळी चीनमध्येही हीच चार अक्षरं तशीच लावते, आणि 吉野家 ही जपानी उपाहारगृहांची साखळी आशियात अनेक शहरांत आहे. नाव दुकानाचा उगम सांगतं, फोटो कुठे काढला ते सांगत नाही.

आणखी एक सापळा आहे, लहानसा पण गमतीचा. तैवानमध्ये मुलांना उच्चार शिकवायला ㄅㄆㄇㄈ अशी चिन्हं वापरतात. त्यांना चुयिन म्हणतात. ती काना अक्षरांसारखी दिसतात, पण जपानमध्ये नाहीत. तैवानी बोलीतला ‘ए’ दाखवायला ㄟ हे चिन्ह दुकानांच्या नावांतही येतं, आणि ते काताकानातल्या ヘ सारखं दिसतं. ओळखलं, तर तैवानची याहून चांगली खूण नाही. नाही ओळखलं, तर थेट जपान.

तिसरा नियम

‘बाकी सगळं’ या दोन शब्दांत जपानचा बराच मोठा भाग गडप होतो. काना नसलेल्या जपानी पाट्या कोपऱ्याकोपऱ्यावर असतात: 東京駅 म्हणजे टोकियो स्थानक, 郵便局 म्हणजे टपाल कार्यालय, 駐車場 म्हणजे वाहनतळ, 薬局 म्हणजे औषधाचं दुकान, 交番 म्हणजे पोलीस चौकी. यांत एकही काना नाही. फोटोत नेमकी हीच पाटी आली तर काय करायचं, याचं उत्तर संदेशात नाही.

कोरियाचंही तसंच. सोलमधला प्रसिद्ध दरवाजा म्हणजे ग्वांगह्वामुन. त्याच्या माथ्यावरच्या फलकावर हंगुल नाही. तिथे 光化門 ही तीन हान अक्षरं आहेत आणि तीही उजवीकडून डावीकडे लिहिलेली, म्हणजे डावीकडून बघणाऱ्याला 門 आधी दिसतं. कोरियातल्या जुन्या राजवाड्यांचे आणि मठांचे फलक बहुतेक असेच. नव्या दुकानांच्या पाट्यांवर हान अक्षरं अगदी तुरळक. त्यामुळे कोरियन फोटोत ती दिसली, तर बहुधा इमारत जुनी किंवा जुन्या धर्तीची असते.

लिपी एकच म्हणून देश एकच धरणं किती कच्चं आहे ते आपल्याला वेगळं सांगायला नको. देवनागरी पाटी काठमांडूतही असते, कोल्हापुरातही आणि कानपुरातही, आणि कोल्हापूर ठरतं ते ‘ळ’ किंवा ‘आहे’ दिसल्यावर. हान अक्षरांतही असे ‘ळ’ शोधावे लागतात, आणि ते आहेत.

चौथा नियम

सोपी आणि किचकट हा भेद डोळ्यांना वाटतो तसा नसतो. अक्षरं सोपी करण्याचं काम एकाच देशाने केलं असतं तर हा नियम चालला असता. ते दोन देशांनी स्वतंत्रपणे केलं. जपानने महायुद्धानंतर १९४६ आणि १९४९ मध्ये सरकारी याद्या काढून बरीच अक्षरं आटोपशीर केली. चीनने १९५६ मध्ये योजना आणली आणि १९६४ मध्ये पूर्ण यादी दिली. चीनने खूप जास्त अक्षरांना हात लावला आणि जास्त खोलवर लावला. तैवान, हाँगकाँग आणि मकाव जुन्या रूपांवरच राहिले. सिंगापूरने १९६९ मध्ये स्वतःची यादी काढली आणि १९७६ मध्ये चीनचीच रूपं पूर्णपणे स्वीकारली. मलेशियाने १९८१ मध्ये तेच केलं.

आता दोन्ही देशांनी काही अक्षरं नेमकी सारखीच सोपी केली. जुनं 國, चीनमध्ये 国 आणि जपानमध्येही 国. तसंच 學 चं 学, 會 चं 会, 區 चं 区, 醫 चं 医. म्हणून 大学 किंवा 医院 एवढंच दिसलं तर ते चीनचंही असू शकतं आणि जपानचंही. यातून तैवान मागे पडतो, एवढंच.

काही अक्षरं जपानने बदललीच नाहीत. 東, 車, 門, 電, 銀, 語 ही तिथे जुन्या रूपांतच लिहितात. चीनमध्ये ती 东, 车, 门, 电, 银, 语 झाली. म्हणून संदेशाच्या फूटपट्टीने 駐車場 किंवा 銀行 ‘किचकट’ ठरतं आणि टोकियोची बँक तैपेईला जाते.

या सगळ्यातून वाट काढणारी एक तपासणी आहे, दोन पायऱ्यांची. पहिल्यांदा अक्षराचा डावा भाग बघायचा. बोलण्याशी संबंधित अक्षरांच्या डावीकडे 言 हा पूर्ण तुकडा आहे की 讠 असा दोन फटकाऱ्यांचा? धातूंच्या अक्षरांत 金 पूर्ण आहे की 钅? खाण्याच्या अक्षरांत पूर्ण 食 आहे की 饣? दरवाजा 門 असा दोन झडपांचा आहे की 门 अशी नुसती चौकट? आटलेला तुकडा दिसला, तर चीन, सिंगापूर किंवा मलेशिया, आणि जपान बाद, कारण जपानने या तुकड्यांना हात लावलेला नाही. बँका, उपाहारगृहं, टेलिफोनची दुकानं सगळीकडेच असल्यामुळे यातलं एखादं अक्षर फोटोत हटकून सापडतं.

तुकडे पूर्ण निघाले तरच दुसरी पायरी. आता 国, 学, 会, 区 यांतलं एखादं शोधायचं. पूर्ण तुकड्यांच्या शेजारी सोपं 国 असेल तर जपान, पूर्ण तुकड्यांच्या शेजारी 國 असेल तर तैवान, हाँगकाँग, मकाव किंवा बाहेरच्या जुन्या चिनी वस्त्या. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द विमानतळापासून शाळेपर्यंत सगळीकडे असतो, त्यावर हे लगेच दिसतं. चीनमध्ये 国际, जपानमध्ये 国際, तैवानमध्ये 國際. जपानी रूपात पहिलं अक्षर सोपं आणि दुसरं पूर्ण आहे, आणि हे मिश्रणच जपानची सही आहे.

काही अक्षरं तर तिन्हीकडे तीन तऱ्हांची आहेत, आणि त्यातलं एक मिळालं की बाकी शोधाशोध वाचते. माझी आवडती आहे औषधाची पाटी, कारण ती प्रत्येक गल्लीत असते आणि रात्री उजळलेली असते. 藥 हे जुनं रूप: वर गवताची काडी, मध्ये 白, त्याच्या दोन्ही बाजूंना गुंतलेल्या दोऱ्यासारखे दोन तुकडे, खाली झाड. जपानी 薬 मध्ये ते दोरे गेले आणि त्यांच्या जागी बाजूला टिंबांसारखे बारीक फटकारे आले. चिनी 药 ची रचनाच वेगळी आहे, खाली डावीकडे आटलेला दोरा 纟 आणि उजवीकडे 勺. शब्दही निराळे. जपानमध्ये 薬局, तैवानमध्ये 藥局, हाँगकाँगला 藥房, चीनमध्ये 药店 किंवा 大药房, कोरियात 약국. एका दुकानाच्या पाटीवरून एवढा माल हाती लागतो.

आता अपवाद, कारण ते नियमाइतकेच भेटतात. मुख्य भूमीवरच्या चीनमध्ये जुनी रूपं पुसली गेलेली नाहीत. २००१ मध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय भाषा-लिपी कायद्यात सुलेखनाला, पुरातन वास्तूंना आणि हाताने लिहिलेल्या दुकानपाट्यांना सूट ठेवली होती. बँक ऑफ चायनाचं नाव तिच्या पाटीवर 中國銀行 असं जुन्या रूपात आहे, कारण ते साहित्यिक गुओ मोरुओंच्या हस्ताक्षरात आहे. ‘पीपल्स डेली’च्या शीर्षकात माओंच्या हस्ताक्षरातलं 報 जुन्याच रूपाचं आहे. जुनी नावाजलेली दुकानं आणि पर्यटकांसाठी सजवलेले ‘प्राचीन’ रस्ते तर जुन्या अक्षरांनीच नटलेले असतात. म्हणून ब्रशने काढलेली सोनेरी पाटी बाजूला ठेवून तिच्या शेजारची छापील बघावी: वेळापत्रक, किंमत, इशारा, भाड्याने देण्याची जाहिरात. तैवानमध्ये याच्या उलट घडतं. तिथे छापील 臺灣 च्या बरोबरीने 台灣 हे सोपं 台 वापरलेलं रूप सर्रास चालतं, आणि हाताने लिहिताना लोक 點 ऐवजी 点 लिहून मोकळे होतात. तेव्हा हातगाडीवरच्या खडूच्या पाटीतल्या एका सोप्या अक्षरावरून चीन जाहीर करू नये.

तैवानच का?

जुनी रूपं म्हणजे तैवान, हे समीकरण हाँगकाँगवाल्याला ऐकवून बघा. कोलकात्याच्या टेरिटी बाजार भागातल्या जुन्या चिनी मंडळांच्या मंदिरांवर 會館 ही अक्षरं जुन्या रूपात आहेत, कारण ती माणसं अक्षरं सोपी होण्याच्या कितीतरी आधी चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून आली. मुंबईत माझगावलाही त्याच भागातून आलेल्यांचं एक चिनी मंदिर आहे. या नियमाने कोलकाताही तैवानमध्ये जाईल.

तैवान आणि हाँगकाँग वेगळं करायला अक्षरांच्या रूपांचा उपयोग संपतो आणि शब्द बघावे लागतात. हाँगकाँगला बस म्हणजे 巴士 आणि टॅक्सी म्हणजे 的士. तैवानला 公車 आणि 計程車. हाँगकाँगच्या जाहिरातींत बोली कँटोनीजची अक्षरं येतात, 嘅, 唔, 咗, 冇 अशी. यातल्या पहिल्या तिघांच्या डावीकडे छोटा चौकोनी 口 चिकटलेला असतो. अशी चौकोनवाली अक्षरं एका ओळीत दोन-तीन आली की तैपेई विसरायचं. रस्त्यांची नावं याहून सोपी. तैवानमधल्या लांब रस्त्यांचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक देतात, उदाहरणार्थ तैपेईतला 忠孝東路四段, आणि शेवटचं 段 म्हणजे तो तुकडा. हाँगकाँगच्या रस्त्यांच्या पाट्या पांढऱ्या, वर इंग्रजी, खाली चिनी, दोन्ही काळ्या अक्षरांत. मकावला निळ्या-पांढऱ्या फरशीवर पोर्तुगीज आणि चिनी. 段 बद्दल एक सावधगिरी: चेंगदू शहरातही 人民南路四段 असा रस्ता आहे. पण तिथे बाकीची अक्षरं आटलेली असतात, त्यामुळे पहिली पायरी चुकली नसेल तर गोंधळ होत नाही.

आटलेल्या अक्षरांच्या गटातही असंच. 巴刹 (मंडई) आणि 德士 (टॅक्सी) हे शब्द सिंगापूर-मलेशियाचे, चीनमध्ये त्या जागी 菜市场 आणि 出租车. शिवाय सिंगापूर-मलेशियात रस्त्यांच्या बहुतेक पाट्या रोमन लिपीत असतात, आणि मलेशियात चिनी दुकानाच्या पाटीवरही मलय भाषा ठळक असते.

एक फोटो

समजा असा फोटो आला: गुडघाभर पाणी, रात्र, उभ्या दिव्यांच्या पाट्या, खाली मथळा ‘जपानमध्ये हाहाकार’. डाव्या हाताला चहाचं दुकान, नावात मधोमध の. त्याच्या पुढे हिरव्या क्रॉसखाली 藥局. समोर निळ्या पाटीवर 停車場. लांब कोपऱ्यात रस्त्याची पाटी, तिच्यावरची पहिली अक्षरं वाचता येत नाहीत, शेवटची दोन 三段.

の झाकला. बाकी कुठेही काना नाही. एवढ्या पाट्यांच्या गल्लीत काना नसणं जपानला न शोभणारं आहे, पण हा पुरावा अजून कच्चा. मग औषधाचं दुकान: अक्षरात 白 च्या दोन्ही बाजूंना गुंता आहे, म्हणजे 藥. जपानी 薬 नाही आणि चिनी 药 ही नाही. इथे जपान बराचसा गेला. वाहनतळाच्या पाटीवर पूर्ण 車 आहे, म्हणून चीन आणि सिंगापूर मागे पडले. शिवाय शब्द 停車場 आहे. जपानमध्ये त्या जागी 駐車場 लिहितात, म्हणजे पहिल्याच अक्षरात पूर्ण घोडा 馬 दिसला असता. आता तैवान की हाँगकाँग? 停車場 दोन्हीकडे चालतं. पण 藥局 हा शब्द तैवानी घडणीचा, हाँगकाँगला 藥房 असतं, आणि 三段 हा पत्ताही तैवानचा. शेवटी गाड्यांच्या रांगा: तैवानमध्ये वाहनं उजव्या बाजूने चालतात, हाँगकाँग आणि जपानमध्ये डाव्या. रांगा उजवीकडे असतील तर काम झालं. डावीकडे असतील, तर आधी फोटो आरशासारखा उलटवलेला नाही ना ते बघा. अक्षरं उलटी असली की ते लगेच कळतं, कारण 局 ची लांब तिरकी रेघ डावीकडे खाली उतरते.

याच फोटोत फक्त の आणि 停車場 असतं आणि बाकी सगळं अंधारात गेलं असतं, तर? मग चीन नाही आणि जपान बहुधा नाही, यापुढे जाता आलं नसतं. आणि 出口 किंवा 入口 एवढीच पाटी असती तर तेही नाही, कारण ही अक्षरं सगळीकडे सारखीच आहेत.

‘भाषा यायची गरज नाही’

भाषा नाही, पण आकार ओळखावे लागतात, वीस-पंचवीस तरी. त्याऐवजी फोनच्या कॅमेऱ्याने मजकूर उचलून भाषांतर करून घेता येतं, आणि करावंच. फक्त उचललेलं अक्षर फोनच्या पडद्यावर दिसतं तसंच्या तसं पाटीवर असेल असं धरू नका. 國 आणि 国 ही संगणकाच्या लेखी वेगळी अक्षरं आहेत, त्यामुळे तो फरक टिकतो, जर यंत्राने अक्षर बरोबर ओळखलं असेल तर. पण 骨 किंवा 直 सारख्या अक्षरांना चीन, जपान आणि तैवानसाठी एकच क्रमांक आहे, आणि त्यांचं वळण फोनमधला फाँट ठरवतो. 骨 च्या वरच्या भागातला छोटा कोपरा चिनी फाँटमध्ये डावीकडे असतो, जपानी फाँटमध्ये उजवीकडे. तुम्ही आत्ता जो बघताय तो तुमच्या फोनचा आहे. असे बारकावे तपासायचे असतील तर फोटो मोठा करून मूळ पाटीवरच तपासा.